पोपटी टी-शर्टातला चेहरा आणि भाऊजींचा कोट

काका, मी नागपूरला मानेवाड्यात राहतो. मिहानमधल्या एका कंपनीत अर्ज करतोय. तिथल्या मित्राने सांगितलं, प्रोफाइलवर सूटमधला फोटो टाक. माझा एकच फोटो चांगला आलाय. जानेवारीत आमच्या गच्चीवर मित्राने मोबाइलने काढला, पण अंगात पोपटी टी-शर्ट आहे. नवीन काढावा तर गेल्याच आठवड्यात तिरुपतीला केस देऊन आलो. एका स्टुडिओवाल्याने पन्नास रुपयांत कोट चढवून दिला. तो पाहून बहीण हसतच सुटली. मान कुठून तरी आणून बसवल्यासारखी दिसते. भाऊजींचा लग्नातला सूट मिळू शकतो, लॅपटॉप आहे, फोटोशॉप थोडंफार येतं. घरीच नीट कसं करायचं, एकेक पायरी सांगाल का? दोन्ही फोटो जोडलेत.
– एक वाचक, नागपूर

बाळा, दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. बहिणीची नजर पक्की आहे. कोट चढवलेल्या फोटोत चूक नेहमी मानेपाशीच पकडली जाते, आणि तुझ्या फोटोत ती तिथेच आहे. कॉलरच्या गोलात तुझी मान बसत नाही. डाव्या बाजूला कॉलर मानेत रुतली आहे आणि उजवीकडे बोटभर फट राहिली आहे, त्या फटीतून थोडा पोपटी रंगही डोकावतोय.

असं का होतं ते आधी समजून घे, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. स्टुडिओच्या कॉम्प्युटरमध्ये तयार कोटांची फाइल असते. कोट, शर्ट, टाय, सगळं बसवलेलं, फक्त डोकं नाही. तो कोट दुसऱ्याच कुणाच्या अंगावर होता. त्याच्या दोन्ही बाजूंना दिवे होते आणि कॅमेरा छातीच्या उंचीवर होता. तुझा चेहरा मात्र गच्चीवर सावलीत आहे आणि उजेड एकाच बाजूने आलाय. चेहरा एक सांगतो, कोट दुसरंच सांगतो. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

माझ्या सीताबर्डीच्या स्टुडिओत पूर्वी आरशाशेजारी खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असायचा. खाली दोऱ्याने बांधलेला कंगवा, पावडरचा डबा आणि आधीच गाठ मारून ठेवलेला टाय. नोकरीच्या अर्जाला फोटो काढायला आलेली मुलं तोच कोट अंगात घालायची. तो कुणालाच मापात बसायचा नाही, पण एकही फोटो खोटा दिसला नाही. कारण कोट त्याच माणसाच्या अंगावर, त्याच दिव्याखाली असायचा. पुढे कॉम्प्युटर आला, मीही कोट फाइलमध्ये ठेवू लागलो, आणि मानेच्या तक्रारी तेव्हापासून सुरू झाल्या. मीसुद्धा असे फोटो लोकांच्या हातात दिलेत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या खिळ्यावरच्या कोटाने जे शिकवलं तेच तुला सांगतो. इंटरनेटवरून कोट शोधू नकोस. भाऊजींचा सूट तू स्वतः घाल, त्याच गच्चीवर, तसल्याच उजेडात फोटो काढ, आणि त्या फोटोतला फक्त कोट, शर्ट आणि टाय जुन्या फोटोवर आण. तुझे केस गेलेत, पण खांदे, मान आणि चेहऱ्याची ठेवण तीच आहे. स्टुडिओवाल्याकडे हीच गोष्ट नव्हती.

जोड कुठे द्यायचा हेही आत्ताच ठरवून टाक. जुन्या फोटोतलं डोकं, केस, मान आणि मागची भिंत जशीच्या तशी राहील. नव्या फोटोतून कॉलरपासून खालचं येईल. म्हणजे जोड शर्टाच्या कॉलरच्या काठावर येतो. तिथे खरोखरच कापड संपतं आणि कातडी सुरू होते, त्यामुळे ती रेघ डोळ्याला हवीच असते. अनेक जण जुनं डोकं कापून नव्या धडावर ठेवतात आणि जोड हनुवटीखाली देतात. मग दोन वेगळ्या दिवसांची कातडी जुळवत बसावं लागतं. तुझ्या बाबतीत एक जानेवारीतली आणि दुसरी मेच्या उन्हात रापलेली. ती जुळत नाही, कितीही घासलं तरी.

आधी जुना फोटो वाच

गॅलरीत तो फोटो उघडून वर सरकवलास की तारीख, वेळ आणि कोणत्या लेन्सने काढला ते दिसेल. ते लिहून घे. मग फोटो मोठा करून डोळे बघ. तुझ्या दोन्ही बाहुल्यांत, फोटोत बघताना उजव्या हाताला, एक पांढरा ठिपका आहे. उजेड तिकडून, मोकळ्या आकाशातून आलाय. नाकाची सावली फोटोत डावीकडे दिसणाऱ्या गालावर पडली आहे आणि तिचा काठ मऊ आहे, म्हणजे तू उन्हात नव्हतास, सावलीत होतास. मागे जिन्याच्या खोलीची भिंत दिसते. नाकपुड्या जवळजवळ दिसत नाहीत, तेव्हा मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर असणार. फोटोत डावीकडचा खांदा किंचित पुढे आलाय. या चार गोष्टी नव्या फोटोत तशाच आल्या पाहिजेत.

एक गोष्ट आवर्जून तपास. फोटो सेल्फीचा असेल तर काही फोनमध्ये तो आरशासारखा उलटा साठवला जातो. टी-शर्टावरची अक्षरं उलटी दिसली तर समजायचं. तुझा फोटो मागच्या कॅमेऱ्याने काढलेला आहे, अक्षरं सुलट आहेत, तेव्हा काळजी नाही. कोटाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. पुरुषांच्या कोटाचा छातीवरचा खिसा घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला असतो आणि डावी बाजू उजवीवर येते. उजेड जुळवायला म्हणून तयार कोट उलटा केला की खिसा उजवीकडे जातो. तुला मिळालेल्या त्या पन्नास रुपयांच्या फोटोत नेमकं हेच झालंय, परत एकदा बघ.

कोट आणि शर्ट

भाऊजींचा सूट नेव्ही ब्लू किंवा गडद राखाडी असेल तर उत्तम. काळा असेल तर मोबाइल त्याच्या घड्या आणि लॅपल एकत्र करून टाकतो आणि छातीवर नुसता काळा डाग दिसतो. चकाकणारं कापड, कॉलरला वेगळ्या रंगाची किनार किंवा नक्षी असेल तर तो राहू दे. लग्नाचा कोट लग्नातलाच दिसतो. ओळखीत कुणाकडे साधा ब्लेझर असेल तर तो माग. फोटोत पँट दिसणारच नाही.

मापात एकच जागा खरी महत्त्वाची, ती खांद्याची शिवण. तुझ्या खांद्याचं हाड जिथे संपतं तिथे ती आली पाहिजे. शिवण दंडावर उतरत असेल तर कोट मोठा आहे, आणि ते कॅमेऱ्यात झाकता येत नाही. छातीत, कमरेत ढगळ असेल तर मात्र सोपं आहे. कपडे वाळत घालायचे दोन-तीन चिमटे घे आणि कोट पाठीमागून चिमटीत धरून लाव. समोरून चिमटे दिसत नाहीत आणि कोट अंगासरशी बसतो. मोठमोठ्या दुकानांच्या जाहिरातींचे फोटोही असेच निघतात. बहिणीला सांग, तिचं हे काम ती नीट करेल.

शर्ट मात्र तुझाच हवा, पांढरा किंवा फिकट निळा, आणि कॉलर तुझ्या मानेची. वरचं बटण लावल्यावर कॉलर आणि मान यांच्यात एक-दोन बोटं सहज जायला हवीत, त्याहून जास्त गेली तर मोठी आहे. बारीक रेघांचं किंवा बारीक चौकड्यांचं कापड टाळ. मोबाइलच्या फोटोत त्यावर पाण्यासारख्या लाटा उमटतात आणि त्या नंतर निघत नाहीत. टाय साधा, कोटापेक्षा वेगळ्या गडद रंगाचा, मरून वगैरे. गाठ कॉलरच्या दोन टोकांमध्ये घट्ट वर सरकव. टायच्या मागून वरचं बटण दिसलं तर बाकी सगळी मेहनत वाया.

आपल्या नागपुरात मेमध्ये आणखी एक अडचण असते. शर्टाला कडक इस्त्री करून तू कूलरसमोर बसलास की त्या दमट हवेत अर्ध्या तासात कॉलर मऊ पडते. म्हणून कॉलरला थोडी खळ दे, इस्त्री करून शर्ट हँगरला लाव आणि गच्चीवर जाऊनच घाल. कोट सगळ्यात शेवटी.

गच्चीवर

जानेवारीतला फोटो पावणेनऊच्या आसपासचा आहे असं तू मेलमध्ये लिहिलंयस. मेमध्ये त्याच वेळेला गेलास तर सूर्य बराच वर आलेला असेल. जानेवारीत पावणेनऊला तो जितका वर होता, तितका आता सात-सव्वासातलाच येतो, आणि दिशाही उत्तरेकडे सरकलेली असते. तेव्हा घड्याळापेक्षा सावली बघ. जिन्याच्या खोलीच्या त्याच भिंतीपाशी उभा राहा आणि तुझ्या अंगावर थेट ऊन नसेल, पण फोटोत उजव्या हाताला मोकळं आकाश असेल, अशी वेळ धर. बहिणीच्या एका हातात जुना फोटो दे. नाकाची सावली फोटोतल्यासारखीच डावीकडे दिसणाऱ्या गालावर तेवढीच मऊ पडली की वेळ बरोबर आहे. पडत नसेल तर भिंतीपासून पाऊलभर पुढे-मागे हो.

मोबाइल तोच, लेन्स तीच. अंतर पाच-सहा फूट ठेव, कारण जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि खांदे अरुंद दिसतात. जुन्या चेहऱ्याखाली तसे खांदे लावले तर ते उसने वाटतात. पोर्ट्रेट मोड बंद ठेव. तो मागची भिंत धूसर करताना कोटाच्या खांद्याचा काठही खातो, आणि तोच काठ आपल्याला स्वच्छ हवाय.

उभं राहताना फोटोत डावीकडे दिसणारा खांदा, म्हणजे तुझा उजवा, जुन्या फोटोइतकाच पुढे घे. डोकं तसंच, तोंड मिटलेलं, तसंच किंचित हसू. मुंडन झालंय म्हणून टोपी घालू नकोस. तुझं डोकं फोटोत यायलाच हवं, त्याचा उपयोग पुढे सांगतो. वीसेक फोटो काढ. दर वेळी खांदा अर्धा इंच पुढे-मागे, हनुवटी थोडी वर-खाली. त्यातला एक जुळतो. कोट मानेमागे वर उचलला गेलाय का ते बहिणीने दर चार-पाच फोटोंनंतर बघावं. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला मागून चिकटलेली असावी आणि शर्टाची साधारण अर्धा इंच पट्टी वर दिसावी. कोट वर चढत असेल तर शेपटाकडून खाली ओढून घे.

लॅपटॉपवर

फोटोशॉप नसेल तर photopea.com ब्राउजरमध्ये फुकट चालतं आणि हत्यारांची नावं बहुतेक तीच आहेत. फक्त तिथे Free Transform हे Edit मेनूतून घे. फोटोशॉपचा Ctrl+T ब्राउजरमध्ये नवीन टॅब उघडतो.

जुन्या फोटोची प्रत उघड, मूळ फाइलला हात लावू नकोस. तिच्यावर नवा फोटो वेगळ्या लेअरवर आण आणि त्या लेअरची Opacity 50 कर. आता दोन्ही चेहरे एकमेकांतून दिसतील, एक केसांचा आणि एक बिनकेसांचा. तू टोपी घातली नाहीस ते यासाठी. Free Transform घे, लांबी-रुंदीचं प्रमाण न मोडता नवा फोटो लहान-मोठा कर, आणि आधी दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या जुळव. मग नाकाचा खालचा काठ आणि हनुवटी बघ. तीन ठिकाणी जुळलं की खांद्यांचं माप आपोआप बरोबर आलेलं असतं. तयार कोट लावणारा इथे अंदाजाने ओढाताण करतो आणि म्हणूनच डोकं भोपळ्यासारखं किंवा लिंबासारखं दिसतं. तुला अंदाज करायचाच नाही, तुझा स्वतःचा चेहराच माप आहे. बाहुल्या जुळल्या पण हनुवटी जुळत नाही, तर डोकं वर-खाली झालंय. ओढून ताणून बसवू नकोस, वीसांतला दुसरा फोटो घे.

Opacity परत 100 कर. Quick Selection ने कोट, शर्ट आणि टाय निवड, आणि लेअर पॅनेलच्या तळाशी मास्कचं बटण आहे ते दाब. तुझं नवं डोकं आणि मान गायब होईल आणि खालून जुनं डोकं दिसेल. खोडरबर वापरू नकोस. मास्कवर काळ्या ब्रशने झाकता येतं आणि पांढऱ्याने परत आणता येतं, चूक झाली तरी कोट शाबूत राहतो.

आता 200 टक्के मोठं करून कॉलरवर बस. माझ्या मते सगळ्या कामातला निम्मा वेळ इथे गेला पाहिजे. कॉलरचा काठ फोटोत धारदार असतो, म्हणून तिथे बारीक आणि कडक ब्रश, Hardness 80-90. खांद्याचा काठ थोडा मागे असतो आणि जरा मऊ दिसतो, तिथे Hardness 50-60 पुरे. सगळीकडे एकच ब्रश फिरवला की कोट कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. मानेच्या दोन्ही बाजूंना, कॉलरच्या मागच्या भागाची आतली पट्टी थोडीशी दिसते ना, ती ठेव. बरेच जण ती मानेसोबत पुसून टाकतात आणि मग मानेशेजारी भोक पडल्यासारखं वाटतं. तुझ्या उजवीकडच्या फटीचं कारण तेच आहे.

पोपटी रंग कुठे उरलाय का बघ. तुझ्या टी-शर्टाचा गळा गोल आहे, शर्टाची कॉलर त्याच्यापेक्षा वर येते, त्यामुळे गळ्यापाशी तो पूर्ण झाकला जाईल. कोटाच्या खांद्यात पॅड असतात, तेव्हा खांद्यावरही बहुधा झाकला जाईल. कुठे डोकावलाच तर खालच्या लेअरवर Clone Stamp ने शेजारची भिंत घेऊन तो बुजव.

आता सावली. कॉलर मानेला टेकते तिथे कातडीवर एक बारीक, मऊ सावली पडते, आणि चढवलेल्या कोटांत ती जवळजवळ कधीच नसते. जुना फोटो आणि कोट यांच्या मधे नवीन लेअर घे, त्याचा मोड Multiply कर. रंग काळा घेऊ नकोस. तुझ्याच हनुवटीखालच्या सावलीतला तपकिरी रंग उचल. मऊ ब्रश, Opacity 10 ते 15, आणि कॉलरच्या काठालगत दोन-तीनदा फिरव. जिकडून उजेड येतो तिकडे कमी, दुसरीकडे थोडी जास्त. हनुवटीची सावली शर्टावर वेगळी काढायची गरज नाही. कोट तुझ्या अंगावर होता, ती आधीच तिथे आहे.

तुझ्या फोटोतली सगळ्यात अवघड गोष्ट मात्र वेगळीच आहे. हनुवटीच्या खालची बाजू मोठी करून बघ. तिथे कातडीवर हिरवट झाक आहे. उजेड टी-शर्टावर पडून खालून वर उसळला आणि पोपटी रंग जबड्यावर चढला. टी-शर्ट होता तोवर ते कुणाला जाणवलं नाही. खाली पांढरा शर्ट आला की तीच झाक आजारी माणसासारखी दिसते, आणि कारण कळत नाही म्हणून लोक सगळ्या चेहऱ्याचा रंग बदलत बसतात. तसं करू नकोस. जुन्या फोटोच्या लगेच वर एक लेअर घे, मोड Color. गालावरच्या सावलीतला कातडीचा रंग उचल, मऊ ब्रश, Opacity 20-25, आणि फक्त जबड्याच्या खाली आणि मानेवर हलक्या हाताने फिरव. Color मोडमुळे सावली-उजेड तसेच राहतात, फक्त हिरवा निघून जातो. मानेवर नुसता तपकिरी थर दिसायला लागला तर हात जड पडलाय, लेअरची Opacity कमी कर.

मग कोटाचा उजेड चेहऱ्याशी जुळव. कोटाच्या लेअरवर Curves लाव, पण ते फक्त त्याच लेअरपुरतं राहील असं क्लिप कर. नाहीतर चेहराही बदलेल. शर्टाचा पांढरा तुझ्या डोळ्यांच्या पांढऱ्यापेक्षा फार निळा किंवा पिवळा दिसू नये. कोटातला सगळ्यात गडद भाग तुझ्या केसांतल्या सगळ्यात गडद भागापेक्षा काळा असू नये. दोन्ही जुळले की बाकीचं जुळतंच. फोन एकच असल्याने दाणाही सारखा असेल. कोट जास्त करकरीत वाटला तर Gaussian Blur अर्ध्या पिक्सेलपर्यंत दे, त्यापुढे नको.

आता लॅपटॉप बंद कर आणि सकाळी परत उघड. फोटो आडवा उलटा करून बघ. सवय झालेल्या डोळ्यांना उलट्या फोटोत चूक लगेच दिसते. मग तो काळा-पांढरा करून बघ. काळ्या-पांढऱ्यात कोट आणि चेहरा वेगवेगळे उठून दिसले तर रंग जुळलाय, उजेड जुळलेला नाही. त्या Curves कडे परत जा. बघून झालं की दोन्ही बदल परत फिरव.

लिंक्डइनवर फोटो गोल कापला जातो, तेव्हा चौकोनात काप आणि 400 बाय 400 पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नकोस. गोलात कोटाचे कोपरे जातात आणि राहतं काय? चेहरा, कॉलर, टायची गाठ आणि लॅपलचा वरचा भाग. म्हणूनच कॉलरवर एवढा वेळ घालवायला सांगितलं. चेहऱ्याला मात्र हात लावू नकोस. कातडी गुळगुळीत करणं, जबडा बारीक करणं काही नको. कपडे बदललेत, माणूस बदललेला नाही, एवढं त्या फोटोबद्दल तुला छातीवर हात ठेवून सांगता आलं पाहिजे.

आणि हा फोटो प्रोफाइलपुरताच ठेव. स्पर्धा परीक्षेच्या किंवा पासपोर्टच्या अर्जाला लावू नकोस. तिथे फोटो समोरच्या माणसाशी पडताळतात, आणि फेरफार केलेला फोटो चालत नाही. मुलाखत लवकर आली तर बिनकेसांचाच जा. कुणी फोटोकडे आणि तुझ्याकडे बघितलंच तर सरळ सांग, तिरुपतीला केस दिले. मिहानमध्ये बसलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागणार नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. दिवाळीच्या आसपास ते पुरेसे होतील आणि उजेडही पुन्हा तिरपा, मऊ झालेला असेल. तेव्हा त्याच गच्चीवर, मापाचा कोट घालून नवा फोटो काढ आणि हा काढून टाक.

तोवर JPG सोबत सगळे लेअर असलेली PSD फाइलही जपून ठेव. कंपनीने ओळखपत्रासाठी पांढरी पार्श्वभूमी मागितली तर कॉलरचं काम तुला परत करावं लागणार नाही. आणि कोट परत देण्याआधी चिमट्यांच्या खुणांवर वाफेची इस्त्री फिरवून घे, कापडावर ओला रुमाल ठेवून.